इशारा समजला, वहिनी!

दिरांचा मेसेज आला तेव्हा वहिनी दोन स्क्रीनसमोर गार झालेला चहा पीत बसल्या होत्या. एकोणीस वर्षं त्या शेअर बाजारात ट्रेडिंग करत होत्या आणि त्यातली पंधरा वर्षं सासरी त्याला ‘वहिनींचा जुगार’ म्हणत. हे नाव दिरांनीच ठेवलेलं. आता त्याच दिरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, कंपनीने हातात एकरकमी पैसे ठेवले होते आणि जुगार एकदम शास्त्र झाला होता. ‘वहिनी, एकच शेअर सांगा. पण खात्रीचा, शंभर टक्के. सगळे त्यातच टाकतो.’

‘सगळे’ हा शब्द वहिनींनी दोनदा वाचला. पुढे पेन्शन नव्हती, जाऊबाईंची नोकरी नव्हती. ओठांवर शिवी आली होती, पण पडले ते दीर. वहिनींनी अदबीने लिहिलं:

‘भाऊजी, विश्वास दाखवलात, बरं वाटलं. पण खात्रीचा शेअर माझ्याकडे नाही. परवाच एका पंपवाल्या कंपनीचा दोनशे बाराला घेतला. एकशे अठ्ठ्याण्णवला आला तर विकायचा, हे घेतानाच ठरवलं होतं. काल आला, तोट्यात विकला. माझी ही गत, तर तुम्हाला काय सांगू? पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवा.’

पाठवून झाल्यावर स्वतःच्या सभ्यपणावर त्या बेहद्द खूश झाल्या.

नवव्या दिवशी, बाजार बंद झाल्यावर, दीर दारात हजर. काखेत भलंमोठं कलिंगड आणि चेहऱ्यावर लग्न जमल्यासारखा आनंद.

“इशारा समजला, वहिनी!”

“कसला इशारा?”

“पंप!” त्यांनी डोळा मारला. “तुम्ही लिहिलेल्या दरांवरून कंपनी शोधून काढली, दोनशे एकला दोनशे शेअर घेतले. आज बंद कितीला झाला माहितीय? दोनशे एकतीस!”

वहिनींनी कपाळावर हात मारला. “अहो, मी तोट्यात विकलेला शेअर सांगितला तुम्हाला!”

“तेच तर! तुमच्यासारखी माणसं उघड थोडीच सांगणार? सगळ्या मेसेजमध्ये नाव एकाच धंद्याचं. मला काय दूधखुळा समजलात?”

नम्रपणाची ही अशी फळं. वहिनींनी कॉम्प्युटरवर गेल्या चाळीस सौद्यांची यादी उघडून दाखवली. तेवीस तोट्याचे. “तोटे छोटे ठेवते म्हणून वर्षाअखेर चार पैसे उरतात. एवढीच माझी अक्कल.”

दिरांनी यादी भक्तिभावाने पाहिली. “खरी यादी वेगळी असणार,” ते समजूतदारपणे म्हणाले. “असू दे. उरलेले सगळे उद्या पंपात टाकतो.”

“बरं, विकणार कधी?”

“विकायचा कशाला? चढतोय ना!”

यांच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. “माझं शिष्यत्व हवंय ना? मग आधी शिस्त,” वहिनी म्हणाल्या. “उद्या बाजार उघडला की पहिल्यांदा स्टॉप लॉस लावायचा. दोनशे एकोणीसला आला की आपोआप विकला जाईल. एक दिवस तो पाळून दाखवा, मग उरलेल्या पैशांचं बोला.”

गुरूची आज्ञा म्हणून दिरांनी सकाळी ती ऑर्डर लावली. साडेदहाला शेअर घसरला, दोनशे एकोणीसला टेकला, दिरांचे दोनशेच्या दोनशे शेअर विकले गेले, आणि दुपारपर्यंत भाव दोनशे छत्तीस. बाजारात हे आठवड्यातून दोनदा होतं. दिरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

फोन आला तो ओरडतच. “सतरा रुपये गेले वहिनी! प्रत्येक शेअरमागे सतरा!”

“अठरा मिळाले की, भाऊजी.”

“मिळाले ते माझ्या नशिबाने, गेले ते तुमच्या शिस्तीने! तुम्हाला यातलं काही म्हणजे काही कळत नाही!”

वहिनींनी उत्तराला तोंड उघडलं. स्टॉप लॉस का लावायचा, एका दुपारवरून पद्धत का जोखायची नाही, सगळं जिभेवर होतं. समजावलं तर हा माणूस पुन्हा पायाशी बसणार, आणि सगळे पैसे घेऊन बसणार, हेही दिसत होतं. एकोणीस वर्षांची अब्रू त्यांनी बाजूला ठेवली.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “नाही कळत मला.”

त्याच आठवड्यात दिरांनी रागारागाने सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकली आणि घरोघर फोन करून वहिनींच्या अडाणीपणाची बातमी दिली. जाऊबाईंचाही फोन आला. ठेवीची पावती आपल्या कपाटात आली म्हणून त्या खूश होत्या.

“पण तुम्हीसुद्धा आता सोडा हो ते,” जाऊबाई कळवळून म्हणाल्या. “जमत नाही तर कशाला करायचं?”

वहिनींना चांगलंच झोंबलं. तरी त्या “हो” म्हणाल्या, फोन ठेवला आणि बाजार उघडायला पाच मिनिटं होती म्हणून खुर्ची पुढे ओढली.