घासलेला नंबर

माझ्या लेकीचा बॅज मंगळवारी आला आणि टॅक्सीचं पासिंग गुरुवारी होतं. मधे बुधवारचा एकच दिवस होता. त्या एका दिवसात मी सगळ्याचा सत्यानाश केला.

बॅज म्हणजे पितळेचा एवढासा बिल्ला, त्यावर नंबर कोरलेला. तो छातीवर असल्याशिवाय भाड्याची गाडी चालवता येत नाही. तो मिळवायला ठमीने चपला झिजवल्या. आधी साधं लायसन्स, मग प्रवासी गाडीचं, मग डॉक्टरचा दाखला, मग रस्त्यांची आणि नियमांची तोंडी परीक्षा. शेवटी पोलीस चौकशी. हवालदार आमच्या शेजारणीला विचारायला गेला, की बाई वागायला कशी आहे? शेजारीण म्हणाली, "भांडकुदळ आहे, पण सरळ आहे." हवालदार भला माणूस होता, त्याने कागदावर फक्त 'सरळ' उतरवलं.

ठमी माझी एकुलती एक. चौतीस वर्षांची. नवरा गेल्यावर लेकीला, छकुलीला, कडेवर घेऊन माझ्याकडे परत आली. शिवणकामाच्या कारखान्यात होती, तोही बंद पडला. घरात मिळवती वस्तू एकच होती, माझी तेरा वर्षांची टॅक्सी, आणि तिचं परमिट. नवीन परमिटं देणं आमच्याकडे कधीच थांबलंय. जुनं मात्र रक्ताच्या नात्यात नावावर करता येतं, घेणाऱ्याकडे बॅज असला तर. सोमवारी परमिटांच्या समितीची बैठक होती. आमची फाईल तयार होती, विमा होता, कर भरलेला होता, दोघांच्या सह्या होत्या. फक्त गाडीचा फिटनेस, म्हणजे पासिंगचा दाखला, शनिवारी संपत होता. चालू फिटनेसचा कागद नसेल तर फाईल समितीपुढे जात नाही. आणि महिनाअखेरीला परमिट आणि माझं लायसन्स दोन्हींची मुदत संपत होती, आणि लायसन्स चालू नसेल तर परमिट वाढवून मिळत नाही. म्हणजे हा सोमवार हुकला तर पुढच्या महिन्यातली बैठक आमच्या कामाची नव्हती.

"लायसन्स वाढवून घ्या ना अप्पा, तेवढा वेळ मिळेल," ठमी म्हणाली होती.

"वय झालं आता. किती दिवस चालवू?" असं म्हणून मी विषय टाळला.

आता खरं सांगतो. लायसन्स वाढवायचं तर डोळे तपासतात, आणि माझ्या डोळ्यांपुढे दीड वर्षापासून धुकं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरकडचा तक्ता मी पाठ करून गेलो होतो. आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाला तपासत असताना दाराबाहेर उभं राहून ऐकायचं, की झालं. पण तेव्हा निदान पहिल्या चार ओळी खरोखर दिसत होत्या. आता समोरून येणारी गाडी दिसायची, तिचा नंबर दिसत नसे. सिग्नलचा रंग मी दिव्याच्या जागेवरून ओळखायचो. संध्याकाळी गाडी काढत नसे, आणि घरी सांगायचो की कंबर दुखते. कोणाला कळलं नाही. ड्रायव्हर माणूस आपल्या डोळ्यांबद्दल बोलत नाही, हातावर पोट असलं तर मुळीच नाही.

बुधवारी मी गाडी चाळीमागच्या मोकळ्या जागेत लावली आणि पासिंगची तयारी सुरू केली. तशी तयारी मला झोपेतही येते. टायर बघायचे, दिवे, वायपर, हॉर्न, मीटरचं सील, मागची चमकती पट्टी, औषधांची पेटी, आग विझवायचा सिलिंडर. ठमीने एकेक वस्तू हातात घेऊन तपासली. सगळं जिथल्या तिथे होतं. राहिला चासीचा नंबर.

हा नंबर बॉनेटखाली मागच्या पत्र्यात ठोकलेला असतो, सतरा अक्षरं आणि आकडे. पासिंगला आरटीओच्या साहेबाचा माणूस त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासतो, नंबर कागदावर उमटतो, आणि साहेब तो गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघतो. गाडी तीच आहे याची ती खूण. मागच्या वर्षीच्या साहेबाने शेरा मारला होता, 'नंबर अस्पष्ट, गंज.'

"मेकॅनिकला बोलवू," ठमी म्हणाली. "तो म्हणत होता, डिझेलचा बोळा फिरवून मऊ ब्रशने पुसायचं, बाकी काही करायचं नाही."

"तेरा वर्षं ही गाडी मी धुतोय. त्याला काय जास्त कळतं? तू पोरीला शाळेतून घेऊन ये."

ती गेली. मी डिझेल लावलं. बोटाला खवले लागत होते. मग तारेचा ब्रश घेतला, मग पॉलिश पेपर. डोळ्यांना तिथे नुसता एक तपकिरी पट्टा दिसत होता, म्हणून मी अंगठ्याने बघत गेलो. खरखर लागली की घासायचं, पुन्हा अंगठा फिरवायचा. अर्ध्या तासाने पत्रा कसा गुळगुळीत लागला! वर थोडं ग्रीस लावलं आणि बॉनेट बंद केलं. खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं. ठमी परत आली तेव्हा म्हटलं, "झालं तुझं काम. आता उघडू नकोस, धूळ बसेल."

गुरुवारी सकाळी आठ वाजता आम्ही पासिंगच्या मैदानात रांगेत होतो. ठमीने इस्त्रीचा गणवेश घातला होता, खिशावर बॅज. गाडी तिनेच आणली होती. साहेब तरुण होता, बोलायला शांत. त्याने दिवे बघितले, मीटरचं सील बघितलं, खाली वाकून सायलेन्सर बघितला. मग ठमीला गाडी पळवून ब्रेक मारायला सांगितलं. तिने असा ब्रेक मारला की गाडी रेषेवर सरळ उभी राहिली, एवढीशीही कुठे ओढली नाही.

"चांगली ठेवलीय गाडी," साहेब म्हणाला. "कोणाची निगा?"

"अप्पांची," ठमी म्हणाली. माझी छाती फुगली.

मग बॉनेट उघडलं. साहेबाच्या माणसाने ग्रीस पुसलं, कागद ठेवला, पेन्सिल फिरवली. एकदा फिरवली, दुसरा कागद घेतला, पुन्हा फिरवली. मग तो कागद साहेबाकडे नेऊन दिला.

"पहिली सहा अक्षरं आहेत," साहेब म्हणाला. "शेवटचे दोन आकडे आहेत. मधले नऊ कुठे गेले?"

साहेबाने स्वतः वाकून विजेरी मारली.

"हा गंज नाही. घासलाय. ताजा घासलाय." आवाज चढला नव्हता, पण 'चांगली ठेवलीय' म्हणणारा माणूस तो राहिला नव्हता. "चोरीच्या गाडीचा नंबर असा घासतात. घासला कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत ठमी पुढे झाली. "मी घासला, साहेब. गंज काढत होते. कळलं नाही मला."

ती खोटं का बोलली ते मला तिथल्या तिथे कळलं. तिला वाटलं, म्हाताऱ्यावर बालंट नको, आपण नवीन आहोत, चुकलं म्हणून सोडतील. वेडी माझी पोर.

"तुम्ही?" साहेबाने तिच्या खिशाकडे बघितलं. "बॅज कधी मिळाला?"

"मंगळवारी."

"मग तो आत जमा करा. नंबरात फेरफार केल्याचा अहवाल तुमच्या नावाने जाईल. चौकशी संपेपर्यंत बॅज मिळणार नाही."

ठमीचा हात खिशाकडे गेला. ती पिन काढायला लागली, एवढं मला त्या धुक्यातूनही दिसलं.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "मी घासला."

"अप्पा, गप्प बसा."

"मी घासला, साहेब. ती घरीसुद्धा नव्हती."

"नऊ आकडे जाईपर्यंत घासला? तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

साहेबाने माझ्याकडे नीट बघितलं. मग पेन्सिलीचा तो कागद माझ्यासमोर धरला. "काका, यावर काय उमटलंय ते वाचा."

मी कागद हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला. तक्ता पाठ होता मला, हा कागद नव्हता. मागे रांगेतले ड्रायव्हर उतरून बघायला आले होते. त्यातले निम्मे मला मामा म्हणायचे.

"नाही वाचता येत," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"आणि गाडी चालवता?"

"पोटासाठी."

"माणसं बसवून?"

त्याने माझं लायसन्स मागितलं, मी काढून दिलं. ठमीचा बॅज तिच्या खिशावरच राहिला. गाडी मात्र मैदानाच्या कडेला लावून घेतली, पोलिसांचा अहवाल येईपर्यंत. फिटनेसच्या अर्जावर त्याने एक ओळ लिहिली आणि शिक्का मारला. ओळ ठमीने वाचली, मला सांगितली नाही. मीही विचारली नाही.

फाटकाबाहेर आलो. मी वाट बघत होतो, की आता ही रडेल, नाहीतर हात दाखवून अवलक्षण केलंत म्हणून ओरडेल. परमिट गेलं, गाडी गेली, सोमवार गेला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि हळूच म्हणाली, "दीड वर्ष?"

"हो."

"रोज सकाळी छकुलीला शाळेत तुम्ही सोडत होतात."

मी सवयीने खिशात गाडीची किल्ली शोधली.

"पुढच्या सीटवर बसवून, अप्पा."

"जपून चालवत होतो गं. तिला घेऊन तर फारच जपून."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की चेहरा दिसत नव्हता तरी मी मान खाली घातली.

अडीच महिन्यांनी पोलिसांचा अहवाल आला, की गाडी चोरीची नाही. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. परवानगीने नंबर नव्याने ठोकून मिळाला, पण तोवर परमिटची मुदत कधीच टळली होती. टॅक्सी होती आणि ती टॅक्सी म्हणून चालवायचा हक्क नव्हता. मिळेल त्या भावाने विकली. ठमी आता दुसऱ्याच्या टॅक्सीवर पगारी ड्रायव्हर आहे. बॅज आहे म्हणून ते तरी जमलं. पहाटे पाचला जाते. मालक खडूस आहे, पण वेळेवर पैसे देतो म्हणते.

माझं ती सगळं करते. एका डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, औषधं वेळेवर घालते, ताट वाढून देते, अप्पा म्हणते. त्या डोळ्याने मला आता बरंच दिसतं. शाळा इथून दहा मिनिटांवर आहे, पायी. मी दोनदा म्हटलं, छकुलीला मी सोडतो, नुसतं चालतच तर जायचंय. दोन्ही वेळा ठमी म्हणाली, "राहू द्या अप्पा, शेजारच्या काकू नेतात."

साडेसातला काकू येतात. छकुली मला टाटा करते आणि त्यांचं बोट धरून जिना उतरते.