आडवं होणं आणि ठेवणं

माझी बायको चारुशीला गेल्याचं मला बशीर कंडक्टरनं सांगितलं. बार्शीची गाडी भूमला आली, तो खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, अगोदर बसा." मी बसलो नाही. घरी मुलगी नीला एकटी, म्हणून मी आदल्या दिवशीच बार्शीच्या दवाखान्यातून परतलो होतो. दवाखान्यात चारुशीलाजवळ माझी थोरली बहीण विमलआक्का होती.

दुपारी जीपनं तिला आणलं, माजघरात ठेवलं. स्मशानात नेल्यावर आक्कानं त्या जागी पीठ पसरून दिवा लावला.

चारुशीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मी प्राथमिकचा मास्तर. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं; इंग्रजी कामापुरतं. नीलाचा मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर सुतकातच होता. पास झाली तर पुढं शिकणार होती. आक्काला ते पटत नव्हतं. तिनं परांड्याचं एक स्थळ बघून ठेवलं होतं.

चारुशीला शब्द करून दाखवायची. तांब्या खाली ठेवला की 'ले', स्वतः आडवी झाली की 'लाय'. तांब्या वर उचलला की 'रेझ', स्वतः उठली की 'राइज'. पण 'लाय'चा भूतकाळही 'ले'च होतो, आणि 'ले'चा 'लेड'. मुली तिथंच फसायच्या.

तिसऱ्या दिवशी नीला म्हणाली, "मला न्हाय जमत, अण्णा. मी पेपरला जात न्हाय. आई करून दाखवायची तवा कळायचं."

मी उठलो आणि दिव्याशेजारी आडवा झालो.

"अरे, तिथं कुणी पडतं व्हय?" आक्का ओरडली. "खुळा झालास का?"

"काल मी इथं पडलो होतो," मी नीलाला म्हणालो. "इंग्रजीत सांग."

"फादर लेड..." ती थांबली. "न्हाय. फादर ले हिअर."

"अन् आईला?"

ती दिव्याकडं बघत म्हणाली, "वी लेड हर हिअर. तिला आपण ठेवलं, अण्णा."

मला उठता येईना. नीलानं दोन्ही हात धरून मला वर ओढलं. "आय रेझ्ड फादर," ती म्हणाली. मग मला बसवून म्हणाली, "आता तुमचे तुम्ही उठा." मी उठलो. "फादर रोझ."

तिनं माझा कोट खुंटीला अडकवला. "आय हंग द कोट."

"अन् माणसाला फाशी दिली तर?"

"हँग्ड. दे हँग्ड द रॉबर. आई दरवेळी दरोडेखोरालाच फाशी द्यायची."

"सुतकात फाशीचं काय काढलंय रे!" आक्का म्हणाली. नीलाला थोडं हसू आलं, मग रडू आलं. आक्कानं तिला जवळ घेतलं. "जा बाई परीक्षेला," ती म्हणाली. "स्थळाचं मागनं बघू."

मंगळवारी नीला पेपरला उस्मानाबादला जाईल. 'लाय'चं तिसरं रूप 'लेन'. चारुशीला ते कसं करून दाखवायची, नीलाला आठवत नाही आणि मी कधी पाहिलं नाही. ते शिकवायचं राहिलं आहे.