क्राउन तेवढी बदललेली

अनोळखी माणसांचे फोटो आले की मोबाइल वाजे. म्हाताऱ्या घड्याळजींच्या खोलीत दिवसभरात तेवढाच काय तो आवाज. चावीचं घड्याळ अस्सल की नकली, एवढं फोटो बघून सांगायचं, की संपलं.

आज एका बाईंनी फोटो पाठवले होते. “काका, कालच घेतलंय. फसले तर नाही ना?”

त्यांनी तबकडीचा फोटो मोठा केला. अक्षरांच्या कडा सुरीसारख्या, शाई किंचित उठलेली, कुठे पसरलेली नाही. तबकडी अस्सल. चावी द्यायच्या बाजूच्या बोंडावरचं, क्राउनवरचं चिन्ह मात्र उथळ, कडा गोलसर. “ही कसली भिकार क्राउन? कुठल्या गाढवानं बसवली?” ते स्वतःशीच करवादले.

मग मागच्या झाकणाचा आतला फोटो उघडला. कंपनीचा ठसा खोल, स्वच्छ. त्याच्याखाली सुईनं कोरलेली बारीक खूण आणि तारीख. दुरुस्ती करणारा प्रत्येक कारागीर अशी आपली खूण कोरतोच.

खूण त्यांचीच होती. तारीख मुलगा घर सोडून गेला त्याच्या आदल्या दिवसाची. त्याच्या या घड्याळासाठी अस्सल क्राउन तेव्हा मिळाली नव्हती, म्हणून ही बसवली होती. “परत आलास की बदलून देतो,” असं ते त्याला म्हणाले होते. पुढच्याच महिन्यात ती मिळाली, आणि अकरा वर्षं खणात पुडीत पडून होती.

त्यांनी लिहिलं, “घड्याळ अस्सल आहे. क्राउन तेवढी बदललेली. पत्ता द्या, मूळची पाठवतो.”

मग आणखी एक ओळ लिहिली, “विकणाऱ्याची तब्येत बरी दिसत होती का?”