एप्रिलमधलं लाल शेत

मोहिनीला जंगल लाल दिसायची सवय होऊन गेली होती. उपग्रहाच्या या चित्रांत हिरवा पाला लाल उमटतो, उघडी जमीन राखाडी, पाणी काळं. जळगावच्या वन कार्यालयात, पडदे ओढलेल्या खोलीत ती दिवसभर त्या लाल सातपुड्यावरून तरंगत असायची. चहा गार झाला तरी बाईंना पत्ता नाही!

आज मात्र तरंगायला सवड नव्हती. बेकायदा वृक्षतोडीची यादी सहाच्या आत साहेबांकडे जायची होती आणि यादीत नाव म्हणजे उद्या दारात पंचनामा. कौतिक पावऱ्याच्या पाड्यावरचा डोंगर जुन्या चित्रात लालभडक होता, नव्यात राखाडी. तिने पाड्याचं नाव यादीत टाकलं.

वनरक्षक अभिमन नाना सही घ्यायला आले, ते संगणकाच्या पडद्यापाशीच थबकले. "ताई, हाई ते बठ्ठा साग शे. उनाळामा उघडाच ऱ्हास."

मोहिनीने तारखा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. जुनं चित्र नोव्हेंबरचं, नवं एप्रिलचं! पानगळीलाच ती तोड म्हणत बसली होती. शिकलीसवरली बाई, आणि ही अक्कल! बिचारा पाडा फुकट भरडला गेला असता.

तिने आठ वर्षांपूर्वीचं एप्रिलचं चित्र काढून नव्याशेजारी लावलं. डोंगर तेव्हाही राखाडी, आताही राखाडी. झाडं जागेवर होती. तिला इतकं हलकं वाटलं की ती पुन्हा त्या निष्पर्ण उतारांवरून स्वप्नात चालल्यासारखी खाली, पायथ्याकडे उतरत गेली.

पायथ्याला वनहद्दीच्या आत एक चौकोन लालभडक होता. कडा फूटपट्टीने आखाव्यात तशा. भर एप्रिलात सागाच्या रानात हे लाल कुठलं? पाणी दिलेलं पीकच ते. आठ वर्षांपूर्वीच्या चित्रात तिथे शेजारच्या रानासारखंच राखाडी होतं. चौकोनाच्या कोपऱ्यात काळं शेततळं होतं. त्या तळ्याच्या काठावर ती दिवाळीत पाय सोडून बसली होती. आबांची, तिच्या वडिलांची, नवी केळीची बाग! शेजाऱ्याकडून घेतली म्हणाले होते.

तिने घरी फोन लावला. "आबा, नव्या बागेत आधी काय होतं?"

जीवराम आबा खळखळून हसले. "साग होता, बाई. त्याचं काय एवढं? यादी तर तूच करतेस ना? मग मला कशाची काळजी!"

मोहिनीला रडूच कोसळलं. आपल्याच भरवशावर बापाने कुऱ्हाड चालवली होती. नाना खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तिने पाड्याचं नाव खोडलं. चौकोनाचं क्षेत्र काढलं, अडीच हेक्टर. कब्जेदाराच्या रकान्यात बापाचं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद नानांच्या हातात दिला.

"नाना, उद्या पंचनाम्याला मीही येते," ती म्हणाली. "आबांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."