कोड कोणाच्या मोबाईलवर आला

रूपालीचं इन्स्टाग्रामचं खातं हॅक होऊन दोन दिवस झाले होते, आणि म्हसावदच्या त्या घरात दोन्ही दिवस आरोपी एकच: रूपाली. ती लग्नात नवऱ्या मुली सजवायची. चार वर्षांत नऊ हजार लोक जोडले होते बाईने! आता तिने सजवलेल्या मुलींच्या फोटोंखाली जुगाराच्या जाहिराती झळकत होत्या, आणि मुलींच्या आया फोन करून तिलाच झोडपत होत्या. "दिनभर मोबाईल, मोबाईल! भोग आते फळ," सासू रंजनाबाई उठता-बसता म्हणायच्या. आणि तिचा नवरा, नवनीत? तोही म्हणाला, "काहीतरी दाबी दिधं व्हई तू." वर तोंड करून म्हणाला आणि शेतात निघून गेला.

खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फोन त्यालाच आला होता. "मॅडमच्या खात्याला निळी टिक देतो, मेसेजमध्ये आलेला कोड सांगा." या शहाण्याने सांगितला! बायकोला चकित करायचं होतं म्हणे. खात्याला नंबर त्याचाच जोडलेला. बायकोचा गॅस असो नाहीतर बँक, नंबर नवऱ्याचा, ही त्या घरची रीतच. दोन दिवस तो रोज ठरवायचा, आज सांगू, आणि रोज शेपूट घालायचा.

तिसऱ्या दिवशी त्याची बहीण हेमांगी शहाद्याहून आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने रूपालीचा ईमेल उघडला. त्याकडे वर्षभर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिथे इन्स्टाग्रामचा इशारा पडून होता: तुमचा ईमेल बदलला आहे, तुम्ही बदलला नसेल तर इथे दाबा. पाठवणाऱ्याचा पत्ता तिने आधी पडताळला, मगच दाबलं. जुना ईमेल परत लागला. नवा पासवर्ड टाकला आणि खातं उघडलं. रूपाली ढसाढसा रडायला लागली.

हेमांगीने अनोळखी मोबाईल खात्यातून बाहेर काढले, चोराचा नंबर उडवला, रूपालीचा घातला. पासवर्डनंतर कोडही मागणारी दुहेरी तपासणी चालू केली. तो कोड आता रूपालीच्या मोबाईलमधल्या ॲपमध्येच दिसणार. मोबाईल हरवला तर वापरायचे कोड तिने कागदावर उतरवून दिले. मग सहज विचारलं, "वहिनी, त्या दिनले कोड कोना मोबाईलवर उना व्हता?"

रूपालीचं रडणं थांबलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मन्हा," नवनीत म्हणाला. "मीच सांगी दिधा कोड. अन तरी दोन दिन तिले बोलनं खाऊ दिधं."

आता आई आपल्याला फाडून खाईल, म्हणून त्याने मान खाली घातली. तिने खावंच, असं त्याला मनापासून वाटत होतं.

रंजनाबाईंनी पदर सावरला. "जाऊ दे रे भाऊ," त्या मायेने म्हणाल्या. "माणूस शे, चुकस. तू चहा पी."

रूपालीने एकवार सासूकडे पाहिलं. नवनीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.