गप्प बसायची पैज

रामनाथला पैज लावायला कारण लागत नसे, समोर माणूस असला की पुरे. निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत त्याने मांजर आधी कुणाच्या घरात शिरेल यावरही पैजा मारल्या होत्या. या वेळी मात्र शेजारच्या ठकुबाईनेच त्याला गाठलं. तो नळावर गाल फुगवून आपल्या कारखान्याच्या मालकाची, मनोजशेठची नक्कल करत होता, बायका हंडे विसरून हसत होत्या.

"इथं लय वाघ हायस," ठकुबाई म्हणाली. "तिथं शेठ वरडला की तूबी वरडतोस, मंग तो आनखी वरडतो. आठवडाभर शेठला उलटा शब्द न बोलता ऱ्हावून दाखव."

हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला कापडाचे तागे वाहायच्या हातगाडीवर बसवायचं, भरबाजारातून ओढत न्यायचं, आणि विचारेल त्याला आपण का हरलो ते सांगायचं. ठकुबाईचं वजन बघता रामनाथ जिंकायला जिवाचं रान करणार हे उघड होतं.

रामनाथ पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारा. लूमच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात. पण मनोजशेठ ऑफिसात, फोनवर, अगदी देवाला अगरबत्ती लावतानाही तसाच. फक्त फोल्डिंगला, म्हणजे कापड मोजून घड्या घालायला बसणाऱ्या रूपासमोर त्याचा आवाज फार टिकत नसे. रामनाथने तिलाच रीत विचारली.

रूपाने कापड मोजता मोजता सांगितलं. तो ओरडत असेल तोवर मध्ये बोलायचं नाही. पाय घट्ट ठेवायचे, श्वास सावकाश सोडायचा, तोंडावर हसू आणायचं नाही. त्याला हसू म्हणजे पेट्रोल. तो दमला की खालच्या आवाजात एकच प्रश्न, तोही कामाचा. आणि शिवी दिली, किंवा नसलेली चूक गळ्यात मारली, तर त्याच आवाजात सांगायचं, 'शेठ, कामाचं बोला, करते. हे नको.' मग आपल्या कामाला लागायचं.

शेवटचं रामनाथने गाळलं. ते 'उलटा शब्द' धरलं गेलं तर ठकुबाई गाडीवर चढलीच.

बाकीची रीत मात्र चालली. एका लूमचा पट्टा तुटला तेव्हा शेठ तोंडाला येईल ते बोलला. रामनाथने श्वास सोडला आणि विचारलं, "शेठ, आधी कुठला लूम चालू करू?" शेठ चक्क माणसासारखा म्हणाला, कोपऱ्यातला कर. रामनाथला वाटलं, अरे, हे तर कुलूप-किल्लीचं काम. संध्याकाळी नळावर त्याने आपल्याच शांतपणाची नक्कल करून दाखवली.

शुक्रवारी ताग्यांवर तेलाचे डाग निघाले. कोपऱ्यातला लूम तेल गाळतो हे रामनाथने स्वतः शेठला सांगितलं होतं, आणि शेठने सुट्टा भाग आणणं पुढे ढकललं होतं. पण शेठच्या समोर सापडला सावळाराम, तागे वाहणारा, पिकल्या केसांचा, कधी कुणाला अरे-तुरे न करणारा माणूस. घाणेरडे हात म्हणत शेठने तागा त्याच्या अंगावर फेकला. बैल म्हणाला. घरी शेण उचल म्हणाला.

सावळारामने रामनाथकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. शेठ, तेल लूमचं आहे, काकांचं नाही. रामनाथने पाय घट्ट ठेवले, श्वास सावकाश सोडला, आणि रविवारी पैज संपायला किती राहिलं याचा हिशोब केला.

सावळारामने तागा उचलला, घडी घालून जागेवर ठेवला, खांद्यावरचा पंचा झटकला आणि निघून गेला.

"मी तुला गप्प बसायला शिकवलं नव्हतं," रूपा एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रामनाथ शेठच्या ऑफिसात गेला. दार लावलं, खडखडाट जरा मागे पडला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "शेठ, डाग लूमचे होते. मी सांगितलं होतं. काकांना बैल म्हणणं बरोबर नाही झालं." शेठ ओरडायला उठला. रामनाथने तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि तेच पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. शेठ खाली बसला. बोलाव त्याला, म्हणाला. इतकं सोपं होतं ते.

रामनाथ बोलवायला त्याच्या घरी गेला, पण सावळाराम आला नाही. आपल्या दारातच म्हणाला, "शेठचं काय, तो वरडतोच. मी तुझ्याकडं बघितलं व्हतं रामनाथ." मग त्याने चहा विचारला.

रविवारी ठकुबाई हिशोब करत बसली. शनिवारी बोललास ते उलटं का सुलटं, तिला ठरवता येईना. बायका म्हणाल्या, रामनाथ जिंकला. तो हातगाडी घेऊन आला.

"बस मावशी. मी हरलो."

बाजार भरलेला होता. वर ठकुबाई छत्री उघडून बसली होती, खाली रामनाथ घामाने निथळत होता. भाजीवाले, रिक्षावाले, ओळखीचे विणकर, सगळे हसत विचारत होते, क्यों हारा रे रामनाथ? तो दर वेळी थांबायचा आणि सांगायचा, तोंड उघडायचं तेव्हा उघडलं नाही. लोकांना वाटायचं ही नवी थट्टा, आणि ते आणखी हसायचे.