चौथीपर्यंत कोरकू

सत्यभामा अमरावतीच्या दवाखान्यात वारली, हे मला परतवाड्याच्या स्टँडवर कंडक्टरने सांगितलं. मी तिच्याकडेच निघालो होतो. शाळाखात्याच्या डिप्टी साहेबांची तपासणी होती ना, त्यामुळे रजा जरा उशिरा मिळाली. बायकोच्या दुखण्याने तपासणीची तारीख पाहायला हवी होती.

ती आणि मी मेळघाटातल्या एका कोरकू गावात शाळा चालवत होतो. तिचं म्हणणं साधं होतं. मुलांना घरून कोरकू येते, तर चौथीपर्यंत गणित आणि भूगोल कोरकूतून शिकवायचे. मराठी पहिलीपासून रोज थोडी, आणि दरवर्षी वाढवत न्यायची. शेजारच्या गावचे शेषराव मास्तर फक्त पहिलीत कोरकू बोलत. दुसरीपासून सगळं मराठीत. कचेरीला तेच आवडे, कारण त्यांची दुसरीची मुलं धडा खडाखडा वाचत. आमची अडखळत. साहेब तपासणीत धडा वाचून घ्यायचे, त्याचा अर्थ विचारायचे नाहीत. आम्ही दर साली मागासलेले ठरायचो.

मागच्या साली दोन्ही गावांची मुलं चौथीच्या परीक्षेला बसली. शेषरावांच्या मुलांनी शाब्दिक उदाहरणं खणखणीत वाचली आणि तिथेच थांबली. बहुतेक नापास झाली. आमची बहुतेक पास झाली, मराठीतसुद्धा.

दिवस करून झाल्यावर मी कचेरीत गेलो. शेषराव तिथेच बसले होते.

साहेब म्हणाले, "फार वाईट झालं. बाई हुशार होत्या, म्हणूनच पोरं पास झाली."

"पद्धत हुशार होती, साहेब. कोरकू मलेही येते. आता जी पोरं तिसरीत आहेत, त्यांची चौथी होईपर्यंत तेवढं चालू द्या."

"अहो, मराठी यायची तर मराठीच जास्त नको का शिकवायला? शेषरावांची दुसरीची पोरं पाहा, काय वाचतात!"

मी शेषरावांकडे वळलो. "सांगा ना भाऊ, तेच पोट्टे चौथीत काय करतात ते."

"मले काहून मधात घेऊन राहिले? दुसरीत शाबासकी भेटते. चौथीत नापास झालेले पोट्टे ढोरं चारतात. त्याइले तपासाले कोणी जात नाई."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी हुकूम सांगितला. पुढच्या सत्रापासून सगळ्या शाळांत दुसरीपासून मराठीच. सगळीकडे एकसारखं असलं की तपासणी सोपी जाते.

बाईंच्या स्मरणार्थ शाळेला भिंतीवरचं घड्याळ देऊ, असंही ते म्हणाले. मुलं वेळेवर येतील. मी आभार मानले.

तिसरीची मुलं आता माझ्याकडे आहेत. सत्यभामाने त्यांना कोरकूतून भागाकार अर्ध्यापर्यंत शिकवला होता. उरलेला भागाकार पुढच्या सत्राआधी शिकवायचा राहिला आहे.